पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर

नोकरी सोडल्यावर जुन्या कंपनीतला पीएफ काढून घ्यावा, की नव्या खात्यात वळवावा? बहुतेक जण याचं उत्तर त्या वेळच्या गरजेनुसार देतात. लग्न ठरलेलं असतं, फ्लॅटचं डाउन पेमेंट द्यायचं असतं, किंवा नवी नोकरी लागेपर्यंत घर चालवायचं असतं. पैसे आपलेच, भविष्य निर्वाह निधी संघटनाही ते द्यायला तयार, मग अडचण कुठली? अडचण अशी की पैसे काढता येणं आणि ते करमुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे नियम निधीच्या योजनेत आहेत, दुसरीचे आयकर कायद्यात. निधी संघटनेने अर्ज मंजूर केला म्हणून आयकर खात्याचा हक्क संपत नाही.

आयकर कायद्याची मुख्य अट एका वाक्यात सांगता येते. सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावर पीएफची जमा रक्कम काढली, तर ती पूर्ण करमुक्त. १९६१ च्या कायद्यात ही अट चौथ्या परिशिष्टात होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण अट तीच राहिली. यातला ‘नोकरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खातं उघडून पाच वर्षं झाली, हा निकष नाही. सेवा किती वर्षं झाली, हा आहे. तीन वर्षं नोकरी करून घरी बसलेल्या माणसाचं खातं आणखी दोन वर्षं तसंच पडून राहिलं, तरी त्याची सेवा तीनच वर्षांची राहते.

ही पाच वर्षं एकाच मालकाकडे झाली पाहिजेत, असं मात्र नाही. जुन्या कंपनीतली शिल्लक नव्या कंपनीच्या पीएफ खात्यात वळवली, तर जुनी सेवाही मोजणीत धरली जाते. दोन वर्षं पुण्यात, दीड वर्ष ठाण्यात आणि दोन वर्षं नाशकात काम केलेल्या माणसाने दोन्ही वेळा रक्कम वळवली असेल, तर त्याची साडेपाच वर्षं धरली जातात. मधल्या एका नोकरीचा पीएफ त्याने काढून घेतला, तर तेवढी सेवा मोजणीतून जाते आणि पुढची मोजणी मागे पडते. म्हणूनच वळवणं आणि काढणं यातला फरक एका अर्जापुरता नाही.

पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर काय होतं? कायदा असं धरून चालतो की तुमचा निधी मान्यताप्राप्त नव्हताच. त्या मान्यतेमुळे दरवर्षी मिळालेल्या सवलती मग मागे घेतल्या जातात. यासाठी खात्यातल्या रकमेचे चार भाग पाडावे लागतात. मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगाराचं उत्पन्न ठरतं. तुमच्या स्वतःच्या हिश्श्यावरचं व्याज इतर उत्पन्नात जातं. तुमचा मूळ हिस्सा पगारातूनच गेलेला असल्याने त्यावर पुन्हा कर लागत नाही. पण त्यावर कलम ८०सी खाली वजावट घेतली असेल, तर ती वजावट रद्द होते आणि तेवढा वाचलेला कर परत द्यावा लागतो. हा शेवटचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि कित्येकदा तोच सर्वांत जड पडतो.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, चाकणच्या एका कारखान्यात एक जण १ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदाच नोकरीला लागला आणि ३१ मार्च २०२५ ला त्याने स्वतःहून राजीनामा दिला. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून महिना ३०,००० रुपये, एकूण पगार वर्षाला ९ लाख. त्याचे बारा टक्के म्हणजे महिना ३,६०० रुपये, आणि मालकाचेही तेवढेच. पहिलीच नोकरी आणि पगार १५,००० च्या वर, त्यामुळे तो पेन्शन योजनेत येत नाही आणि मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच पडतो. चार वर्षांत दोघांचे प्रत्येकी १,७२,८०० रुपये जमा झाले. त्या वर्षांचे जाहीर व्याजदर ८.१०, ८.१५, ८.२५ आणि ८.२५ टक्के होते. त्या हिशेबाने प्रत्येक हिश्श्यावर सुमारे २९,९०० रुपये व्याज झालं. खात्यात एकूण सुमारे ४,०५,४०० रुपये.

त्याने दोन महिने थांबून ‘फॉर्म १९’ भरला. रक्कम ५०,००० किंवा जास्त आणि सेवा पाच वर्षांहून कमी, म्हणून दहा टक्के टीडीएस कापला गेला : ४०,५४० रुपये. उरलेले बँकेत आले. कर कापला गेला, प्रकरण मिटलं, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

पण कर अजून मोजायचाच आहे. चारही वर्षं त्याने जुनी करपद्धत निवडली होती आणि ८०सी खाली पीएफशिवाय त्याची दुसरी गुंतवणूक नव्हती. दरवर्षी तो वीस टक्क्यांच्या टप्प्यात होता, सेस धरून २०.८ टक्के. मालकाचा हिस्सा आणि दोन्ही व्याजं मिळून २,३२,६०० रुपये होतात, त्यावर कर सुमारे ४८,४०० रुपये. रद्द झालेल्या ८०सी वजावटीपोटी सुमारे ३५,९०० रुपये आणखी. एकूण ८४,३०० च्या आसपास. टीडीएस वजा केल्यावरही विवरणपत्र भरताना त्याला सुमारे ४३,८०० रुपये भरावे लागतात. हीच रक्कम नव्या नोकरीत वळवून त्याने तिथे एक वर्ष काढलं असतं, तर यातला एक रुपयाही द्यावा लागला नसता.

त्याने नवी करपद्धत निवडली असती, तर ८०सी ची वजावट घेतलेलीच नसती आणि ती परत करण्याचा प्रश्नही आला नसता. मालकाच्या हिश्श्यावर आणि व्याजावर मात्र त्या-त्या वर्षाच्या दराने कर लागलाच असता.

‘त्या-त्या वर्षाच्या’ हे मुद्दाम म्हटलं. सगळी रक्कम काढली त्याच वर्षाच्या उत्पन्नात मिळवायची, असा हिशेब कायद्याला अभिप्रेत नाही. प्रत्येक मागच्या वर्षाचा कर नव्याने काढायचा, त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला कर त्यातून वजा करायचा आणि फरकांची बेरीज आता भरायची. विवरणपत्रात अशा वर्षवार नोंदीसाठी वेगळा तक्ता असतो. पगार झपाट्याने वाढलेल्या माणसाचा यात फायदा होतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्याचा दर कमी होता. यासाठी प्रत्येक वर्षाचं विवरणपत्र, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक हाताशी लागतं. पोर्टलवरून पासबुक आधीच उतरवून ठेवलेलं बरं.

टीडीएसबद्दल आणखी एक गैरसमज दिसतो. रक्कम ५०,००० पेक्षा कमी असेल तर टीडीएस कापला जात नाही, पण म्हणून ती करमुक्त होत नाही. पॅन जोडलेला नसेल, तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात. आणि टीडीएस टाळण्यासाठीचा स्वयंघोषणेचा फॉर्म, ज्यांच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर काहीच कर बसत नाही, त्यांच्यासाठी आहे. सायबर कॅफेत अर्ज भरणारा सरसकट सगळ्यांचा असा फॉर्म जोडून देतो. पगारावर कर भरणाऱ्याने त्यावर सही केली, तर ती खोटी घोषणा ठरते आणि कर काही चुकत नाही.

पाच वर्षांच्या अटीला अपवाद आहेत आणि ते माणुसकीचे आहेत. आजारपणामुळे नोकरी सुटली, कंपनी बंद पडली किंवा तिने काम आटोपतं घेतलं, किंवा कामगाराच्या हातात नसलेल्या दुसऱ्या कारणाने सेवा संपली, तर सेवा कितीही कमी असली तरी रक्कम करमुक्त राहते. गोम पुराव्यात आहे. कारखाना बंद झाला आणि जाताना घाईत सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले, असं झालं तर कागदावर ती स्वेच्छेने सोडलेली नोकरी दिसते. सेवासमाप्तीचं पत्र, बंद केल्याची नोटीस, वैद्यकीय प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते तेव्हाच मागून घ्यावं. वर्षभराने ते द्यायला त्या पत्त्यावर कोणी उरलेलं नसतं.

नोकरीत असताना आजारपण, लग्न किंवा घरासाठी मिळणारा अ‍ॅडव्हान्स ही निराळी गोष्ट. पाच वर्षांची अट ज्या रकमेला लागते, तिची व्याख्याच ‘नोकरी संपते त्या दिवशी मागता येणारी शिल्लक’ अशी आहे. अंतिम रक्कम किती थांबून मागायची, हेही करापासून वेगळं आहे. निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन महिन्यांची मुदत बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला, पण करासाठीची पाच वर्षं त्याने हलत नाहीत.

मग पैसे काढायचेच नाहीत, खात्यात ठेवून द्यायचे, हे तरी पूर्ण सुरक्षित आहे का? कराच्या बाबतीत नाही. नोकरी संपल्यानंतरच्या काळात जमा होणारं व्याज करपात्र आहे, असा निर्णय बंगळूरुच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये दिला. निवृत्तीच्या दिवसापर्यंतचं व्याज करमुक्त, त्यानंतरचं दरवर्षी इतर उत्पन्नात दाखवायचं. निवृत्तीनंतर ‘एवढं व्याज दुसरीकडे कुठे मिळतं’ म्हणून रक्कम तशीच ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

मोठ्या पगाराच्या लोकांसाठी २०२१-२२ पासून आणखी एक रेषा आखली गेली. कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा, स्वेच्छेने भरलेला जादा पीएफ धरून, वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेवरचं व्याज दरवर्षी करपात्र होतं. पैसे काढा किंवा न काढा. इथे पाच वर्षांच्या सेवेनेही सूट मिळत नाही. ३१ मार्च २०२१ पर्यंतची शिल्लक यातून वगळली आहे.

बाकीच्यांसाठी सगळं रक्कम नीट वळवण्यावर येतं. दोन नोकऱ्यांत दोन यूएएन तयार झाले असतील, किंवा जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर अर्ज अडकतो. जुन्या कंपनीचा पीएफ तिच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असेल, तर तिथून ‘अनेक्शर के’ हा तपशील नव्या खात्याकडे जावा लागतो. पैसे वळले, पण जुनी सेवा नोंदवली गेली नाही, असंही घडतं. अशा वेळी पुढे रक्कम काढताना पाच वर्षं भरलेली असूनही टीडीएस कापला जातो, आणि विवरणपत्र भरून तो परत मागताना जुन्या नोकरीची रुजू होण्याची तारीख त्या ‘अनेक्शर के’ वरूनच सिद्ध करावी लागते. त्याची एक प्रत ट्रस्टकडून स्वतःसाठीही मागून घ्यावी.