सही करण्याआधी मालकाला विचारा : मेंटेनन्स किती, आणि तो वाढला तर कोण भरणार?

भाड्याने घर घेताना आपण भाडे किती, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येते, एवढे विचारतो. फार तर स्टेशन किती लांब आहे ते पाहतो. सोसायटीच्या मेंटेनन्सचा विषय निघालाच, तर मालक म्हणतो, "हजार-बाराशे येतो हो, त्यात काय!" आपण मान हलवतो आणि सही करतो. आम्हीही तेच केले होते. त्या मान हलवण्याची किंमत आम्हाला अकरा हजारांवर पडली. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

२०२१ सालच्या जुलैत आम्ही कल्याण पूर्वेला एक खोली-किचनचे घर घेतले. भाडे ८,५०० रुपये, मुदत २४ महिने. मालक भला माणूस होता. मेंटेनन्सचे बिल त्याने तोंडीच सांगितले, बाराशे रुपये. ते खरेही होते. पण करारात एजंटने एक ओळ घातली होती : "सोसायटीचा मेंटेनन्स वेळोवेळी येईल त्याप्रमाणे भाडेकरू भरेल." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, रोज कचेरीत बिले तपासणारे. तरीही ती ओळ आमच्या डोळ्यांखालून निसटली. "वेळोवेळी येईल त्याप्रमाणे" हे शब्द वाचायला निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात तो कोरा चेक असतो, आणि त्यावर आकडा लिहिणारी सोसायटी आपल्याला ओळखतही नाही.

आठव्या महिन्याचे बिल

सात महिने बाराशेच आले. त्यात नगरपालिकेचा कर ३००, पाणी २००, सेवा शुल्क ५००, दुरुस्ती निधी १५० आणि सिंकिंग फंड ५० असे रकाने होते. आठव्या महिन्यात दाराखालून बिल आत आले ते २,००० रुपयांचे. सौ.ने ते आमच्या हातात दिले आणि एवढेच म्हणाल्या, "मुलीच्या क्लासची फी यातच गेली म्हणा."

आम्ही दोन्ही बिले शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहिला. वॉचमनचा पगार वाढल्याने सेवा शुल्क ५०० चे ६०० झाले होते. इमारतीच्या रंगकामासाठी वार्षिक सभेने दरमहा ५०० रुपयांची वर्गणी लावली होती. नॉन-ऑक्युपन्सी म्हणून ६० रुपये नव्याने आले होते. उरलेले १४० रुपये मागील थकबाकीवरील व्याज होते. आम्ही पैसे दरमहा मालकाला देत होतो. त्याने ते सोसायटीत वेळेवर भरले नव्हते.

मालकाकडे गेलो. व्याज त्याने मुकाट्याने स्वतःकडे घेतले. बाकीच्यासाठी करारातील ती ओळ दाखवली. तो खोटे बोलत नव्हता. सही आमची होती. उरलेले सतरा महिने आम्ही १,२०० ऐवजी १,८६० भरले. दरमहा ६६० जास्त, म्हणजे एकूण ११,२२० रुपये. त्यातले वॉचमनचे शंभर आम्ही आनंदाने दिले असते, कारण तो आमच्याही दारावर पहारा देत होता. पण रंग मालकाच्या इमारतीला लागला, आणि तो अजून तिथेच आहे. आम्ही मात्र घर सोडले.

कोणता आकार कोणाचा?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सोसायटीचा सभासद मालक असतो, भाडेकरू नसतो. बिल मालकाच्या नावाने निघते आणि थकले तर सोसायटी मालकालाच धरते. आकार किती असावेत हे सर्वसाधारण सभा ठरवते. त्या सभेत भाडेकरूला मत नाही. म्हणून "मेंटेनन्स वाढवणार नाही" असे वचन मालक देऊच शकत नाही. वाढ त्याच्याही हातात नसते. तो देऊ शकतो ते वचन वेगळे आहे : सोसायटीने काहीही वाढवले तरी तुमच्याकडून मी अमुकच घेईन. मागायचे ते हे दुसरे वचन.

बिलातले वॉचमन, सफाई, जिन्यातला दिवा, पाणी हे आकार राहणाऱ्याच्या सोयीचे आहेत. ते आपण द्यावेत, हे रास्तच. सिंकिंग फंड, मोठी दुरुस्ती, रंगकाम, नवी लिफ्ट यांनी मालकाच्या मालमत्तेची किंमत टिकते. नॉन-ऑक्युपन्सीचा आकार तर मालक स्वतः राहत नाही म्हणूनच लागतो. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि नगरपालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. आमच्या बिलात ६०० वर ६० होते, म्हणजे सोसायटीचे बरोबर होते. ते भरायचे कोणी, एवढेच चुकले होते. मालक आणि भाडेकरू यांच्यात कोणी काय भरायचे, हे शेवटी करारातील शब्दांवर ठरते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले

२०२३ साली दुसरे घर पाहिले. भाडे ९,५००, मुदत पुन्हा २४ महिने. या वेळी टोकन देण्याआधीच आम्ही मालकाला म्हटले, "साहेब, सोसायटीची मागच्या तीन महिन्यांची बिले दाखवता का?" ते जरा चपापले, पण त्यांनी दाखवली. बिल १,३५० रुपये होते आणि थकबाकीचा रकाना कोरा होता. मग दुसरा प्रश्न विचारला, "मागच्या वार्षिक सभेत काही मोठे काम ठरले आहे का?" सेक्रेटरींना फोन लावल्यावर कळले, लिफ्टच्या दुरुस्तीची चर्चा चालू आहे.

तेव्हा आम्ही सरळ सांगितले, "मेंटेनन्सची रक्कम २४ महिन्यांसाठी पक्की करून लिहू या." मालक म्हणाले, "सोसायटीने उद्या दोन हजार केले, तर मी खिशातून घालू?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. म्हणून आम्ही आजच्या बिलापेक्षा थोडी जास्त, १,५०० ही रक्कम सुचवली. दरमहा १५० जास्त, म्हणजे २४ महिन्यांचे ३,६०० रुपये. बिल वाढले नाही, तर हे पैसे त्यांचे. वाढले, तर त्यांनी सोसावे. मागच्या घरात अकरा हजार गेले होते. त्यापुढे ही रक्कम आम्हाला जड वाटली नाही. मालकांनाही गणित पटले.

करारात घातलेला मजकूर असा होता. त्यातला परवानाधारक म्हणजे आपण आणि परवानादाता म्हणजे मालक :

"परवानाधारक सोसायटीच्या देखभाल खर्चापोटी दरमहा ठरीव रु. १,५०० परवानादात्यास देईल. ही रक्कम कराराच्या संपूर्ण मुदतीत कायम राहील. सोसायटीने आकार वाढविल्यास किंवा नवीन वर्गणी, नॉन-ऑक्युपन्सी आकार, कर वा व्याज लावल्यास ते सर्व परवानादाता भरेल. परवाना शुल्कातील वार्षिक वाढ या रकमेस लागू होणार नाही."

शेवटचे वाक्य विसरू नये. पुष्कळ करारांत बारा महिन्यांनी भाडे पाच टक्के वाढेल असे असते. मेंटेनन्स भाड्यातच मिळवून एकच रक्कम लिहिली, तर त्या पाच टक्क्यांत मेंटेनन्सही वाढतो. म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या लिहाव्यात. दरमहा पैसे बँकेतून पाठवतानाही भाडे आणि मेंटेनन्स वेगळे दाखवावेत.

मसुद्यात काय तपासावे

लिव्ह अँड लायसन्सचा करार हल्ली एजंट घरी येऊन, अंगठ्याचा ठसा घेऊन नोंदवतो. घाईघाईत दहा मिनिटांत काम उरकते. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि "मेंटेनन्स" हा शब्द ज्या ज्या ठिकाणी येईल, त्या सर्व ओळी वाचाव्यात. नेहमीच्या तयार मसुद्यात वर एका कलमात मेंटेनन्स मालक भरेल असे असते, आणि खाली "इतर अटी"मध्ये भाडेकरू भरेल अशी ओळ घुसवलेली असते. दोन विरुद्ध ओळी राहिल्या की भांडणाला जागा राहते. एक खोडून घ्यावी. "प्रत्यक्ष बिलाप्रमाणे", "लागू असेल त्याप्रमाणे", "सुधारित दराने" असे शब्द दिसले, तर तिथे थांबावे आणि आकडा घालायला सांगावे.

तोंडी कबुलीवर विसंबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. एकदा लेखी करार झाला की "पण तुम्ही तेव्हा म्हणाला होता" हे सहसा चालत नाही.

आणखी एक फट आहे, ती आम्हाला एका स्नेह्याच्या अनुभवावरून कळली. त्याने रक्कम पक्की लिहून घेतली होती, पण करारात मालकाला एक महिन्याच्या नोटिशीने घर रिकामे करून घेण्याची मुभा होती. बिल वाढल्यावर मालक म्हणाला, "वाढीव द्या, नाहीतर महिन्यात खोली सोडा." पोरांची शाळा चालू. त्याने मुकाट्याने दिले. तेव्हा रक्कम पक्की करताना लॉक-इनही पाहावा. म्हणजे किती महिने मालक करार मोडू शकत नाही, ते लिहून घ्यावे. त्याशिवाय पक्क्या रकमेला जोर नाही. आम्ही पूर्ण २४ महिने मालकाला बांधून घेतले होते.

या कलमाचीही हद्द आहे. घरातले विजेचे बिल आणि गॅस आपलाच. कराराची मुदत संपली की पक्की रक्कमही संपली. नव्या करारात पुन्हा बोलावे लागते.

दुसऱ्या घरात २०२४ साली लिफ्टचे काम निघाले आणि सोसायटीचे बिल १,९०० वर गेले. मालकांचा फोन आला. आवाज थोडा चढलेला होता. आम्ही म्हटले, "साहेब, आपले कलम एकदा वाचून बघा." रात्री पुन्हा फोन आला. म्हणाले, "वाचले. ठीक आहे, मी भरतो." त्या महिन्यातही आम्ही १,५०० च पाठवले. २०२५ साली मुदत संपल्यावर दोघांनी नवे बिल समोर ठेवून पुढची रक्कम १,८०० ठरवली आणि तीही आकड्यात लिहिली. संबंध बिघडले नाहीत. दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ आला.