एक कोटी चौऱ्याण्णव लाख, म्हणजे मिलियनमध्ये किती?

आजचा भाग छोटा आहे, पण यातली चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे जरा मनापासून सांगणार आहे. ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडेल, कारण आकडे डोळ्यांसमोर असले की लगेच कळतात.

तेव्हा मी पुण्यात मशीनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. जर्मनीतल्या एका ग्राहकाला लीक टेस्टिंगची चार मशीनं हवी होती. एका मशीनची किंमत 48 लाख 60 हजार. चारांचे झाले 1 कोटी 94 लाख 40 हजार. मी आपलं नेहमीच्या सवयीनं मेलमध्ये लिहिलं:

```
Total: Rs. 1.94 Cr for 4 nos.
```

आठवडाभरानं पर्चेस ऑर्डर आली. ऑफिसात पेढे मागवायची चर्चा सुरू, आणि आमच्या अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हे बघितलंत का? यात 1.94 मिलियन लिहिलंय." म्हणजे 19 लाख 40 हजार. चार मशीनं, आणि पैसे अर्ध्या मशीनचेही नाहीत!

आता समोरच्याचं चुकलं कुठे? खरं तर त्याचं चुकलंच नाही. `Cr` हे त्याच्या ओळखीचं अक्षरच नव्हतं. आपल्याकडे टॅलीतसुद्धा `Cr` म्हणजे क्रेडिट असतं, कोटी नाही. `Rs.` मुळेही फार काही कळत नाही, कारण रुपया पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशसमध्येही चालतो. त्यानं अंदाज बांधला की मोठी रक्कम आहे, म्हणजे मिलियन असणार. भारतातलं आहे, म्हणजे स्वस्तही असणार. झालं, त्यानं तेवढ्याच रकमेला वरून मंजुरी घेतली.

तर आता मिलियनचं गणित. बरेच जण पाठ करतात की लाखाला दहानं भागायचं आणि कोटीला दहानं गुणायचं. बरोबर आहे ते. पण घाईत गुणायचं आणि भागायचं यांची अदलाबदल झाली, तर उत्तर दहापट नाही, शंभरपट चुकतं. अडीच कोटी म्हणजे 25 मिलियन. उलटं केलंत तर 0.25 मिलियन. म्हणून मी हे पाठ करणं सोडून दिलं.

त्याऐवजी शाळेतलं आठवा. एकक, दशक, शतक, हजार, दहा हजार, लक्ष, दशलक्ष, कोटी. यातला दशलक्ष म्हणजेच मिलियन! आपण बोलताना दशलक्ष वापरत नाही, "दहा लाख" म्हणतो, म्हणून ते घर रिकामं वाटतं. पण ते लक्ष आणि कोटीच्या बरोबर मधे बसलेलं आहे.

आता हे वापरायचं कसं? आधी रक्कम पूर्ण आकड्यांत लिहा: 1,94,40,000. मग सगळे स्वल्पविराम काढून टाका: 19440000. आता उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा: 19 440 000. उजवीकडचे दोन गट सोडले की डावीकडे जे उरतं ते मिलियन. म्हणजे 19 मिलियन आणि वर 440 हजार, थोडक्यात 19.44 मिलियन. गुणाकार नाही, भागाकार नाही. फक्त जुने स्वल्पविराम आधी काढाच; ते ठेवून मनातल्या मनात सरकवायला गेलात की एखादं शून्य हमखास निसटतं.

एका मशीनचं बघू. 48,60,000, म्हणजे 4 860 000, म्हणजे 4.86 मिलियन. चारानं गुणा, 19.44 येतात. ताळा जमला. आणि रक्कम दहा लाखांच्या आत असेल, समजा 8 लाख, तर 0.8 मिलियन लिहू नका. सरळ 800 000 लिहा.

इथपर्यंत सोपं होतं. पुढची गंमत स्वल्पविरामाची आहे. जर्मनीत टिंब आणि स्वल्पविराम आपल्या बरोबर उलटे चालतात. हजारांसाठी टिंब, दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे तुम्ही 19.440 मिलियन लिहिलंत, तर तिकडचा माणूस ते एकोणीस हजार चारशे चाळीस मिलियन असं वाचू शकतो. म्हणून टिंबानंतर एक किंवा दोनच आकडे ठेवायचे, तीन कधीच नाही. 19.44 मधलं टिंब हजाराचं असूच शकत नाही, कारण हजाराच्या टिंबानंतर तीन आकडे लागतात. पूर्ण रकमेत मी गटांमध्ये मोकळी जागा सोडतो. मापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही गट पाडायला जागाच सांगितली आहे, स्वल्पविराम किंवा टिंब नाही. फक्त फोनच्या अरुंद स्क्रीनवर त्या जागेपाशी ओळ तुटून आकड्याचे दोन तुकडे होतात, म्हणून रक्कम छोट्या, वेगळ्या ओळीत लिहायची.

मिलियन हा शब्दही पूर्ण लिहा. नुसता `M` नको, कारण अमेरिकेतल्या हिशेबांत काही ठिकाणी `M` म्हणजे हजार आणि `MM` म्हणजे मिलियन असतं. आणि रक्कम शंभर कोटींच्या वर गेली, तर बिलियनच्या वाटेला जाऊ नका. आपला अब्ज म्हणजे इंग्रजीतलं बिलियन हे खरं, पण जर्मन भाषेत त्याला मिलियार्ड म्हणतात, आणि त्यांचं "बिलियोन" त्याच्या हजारपट मोठं असतं. 120 कोटींना 1200 मिलियन म्हटलं तर जरा ओबडधोबड वाटेल, पण चुकीचं कुणीच वाचणार नाही.

राहिलं चलन. लाखातून थेट युरोत उडी मारायची नाही. आधी रुपये मिलियनमध्ये आणायचे, मग दरानं भागायचं, आणि दर मेलमध्येच लिहायचा. सोयीसाठी 1 युरो म्हणजे 90 रुपये धरू. 19 440 000 भागिले 90, म्हणजे 216 000 युरो. माझ्या पहिल्या मेलवरून त्या माणसाच्या डोक्यात साधारण 21 500 युरो बसले होते! युरोचा आकडा तेव्हाच दिला असता, तर त्यानं त्याच दिवशी फोन केला असता.

दुसऱ्यांदा मी मेल असा पाठवला:

```
Total for 4 machines: INR 19.44 million
In full: INR 19 440 000
Approx. EUR 216 000 at EUR 1 = INR 90
```

यात `INR` मुळे रुपया कुणाचा हे ठरलं. वरच्या ओळीत वाचायचा आकडा, खालच्या ओळीत बिलात येणारा आकडा. माझ्या 1.94 कोटीत 40 हजार रुपये तसेच गळाले होते, ते इथे परत आले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले, कारण त्याला मंजुरी नव्यानं मागावी लागली. ती चार मशीनांची मिळाली नाही, दोनांची मिळाली. नव्या ऑर्डरवर `INR 9.72 million` लिहिलेलं होतं. मॅडमनी कागदावर स्वल्पविराम काढून, तीन-तीनचे गट पाडून ते तपासलं, 97 लाख 20 हजार, आणि मगच पेढे मागवू दिले.