आकडा एकच, दर्जा वेगळा: स्वस्त बॅटरी लवकर का संपते?

इन्व्हर्टरच्या दोन लिथियम बॅटऱ्यांवर '१०० अँपिअर-तास' हाच आकडा छापलेला असतो. किमतीत मात्र मोठी तफावत असते. या तफावतीचे एक महत्त्वाचे कारण सेलच्या प्रतवारीत दडलेले आहे.

एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तयार झालेले सेलही तंतोतंत सारखे नसतात. रसायनाचा थर किंचित कमी-जास्त बसतो, कुठे सूक्ष्म कण राहून जातो. म्हणून कारखान्यात प्रत्येक सेल प्रथम सावकाश चार्ज केला जातो आणि काही दिवस नुसता ठेवला जातो. त्या काळात व्होल्टेज नेहमीपेक्षा अधिक घसरले, तर सेल आतल्या आत झिरपतो आहे हे कळते. त्यानंतर ठरावीक तापमानाला, ठरावीक प्रवाहाने तो रिकामा करून क्षमता मोजतात. अंतर्गत रोधही तपासतात. सर्व कसोट्यांना उतरलेला सेल 'ए' दर्जाचा. त्यांतही जवळपास सारख्या मापांचे सेल एकत्र ठेवले जातात.

उरलेले सेल सहसा फेकून दिले जात नाहीत. सौर दिव्यांसारख्या कमी ताणाच्या कामासाठी ते सवलतीत विकले जातात आणि त्यात गैर काही नाही. फसवणूक होते ती पुढे, व्यापारी त्यांवर पूर्ण क्षमतेचे लेबल चिकटवतो तेव्हा. शिवाय 'ए' दर्जाची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. प्रत्येक कारखान्याचे निकष निराळे असतात.

एका दुबळ्या सेलचा परिणाम किती होतो, हे उदाहरणाने पाहू. १२.८ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांची क्षमता १०१, १००, ९९ आणि ८६ अँपिअर-तास आहे, असे समजू. चौघांतून प्रवाह सारखाच वाहतो. त्यामुळे ८६चा सेल रिकामा होताच संरक्षक सर्किट संपूर्ण बॅटरी बंद करते. १० अँपिअरच्या भारावर दहा तास चालायला हवी ती बॅटरी साडेआठ तासांच्या सुमारास थांबते. इतर तिघांत वीज शिल्लक असूनही ती वापरता येत नाही. शिवाय तो सेल दर वेळी पूर्ण निचरा होईपर्यंत वापरला जात असल्याने झिजतोही लवकर.

ग्राहकाला हे ओळखता येते. बॅटरी पूर्ण चार्ज करून ज्ञात भारावर ती किती वेळ चालते ते मोजावे. मोबाइल अ‍ॅपवर प्रत्येक सेलचे व्होल्टेज दिसत असेल, तर ते अर्ध्या चार्जवर पाहून उपयोग नाही. तिथे चारही सेल जवळपास सारखेच दिसतात. चार्ज पूर्ण होत आल्यावर आणि संपत आल्यावर पाहावे. दुबळा सेल तेव्हा वेगळा पडतो. मात्र झिरपणारा सेल नव्या बॅटरीत पूर्ण क्षमता दाखवू शकतो. म्हणून बॅटरी दोन-तीन आठवडे न वापरता ठेवून पुन्हा चार्ज करावी. एखादा सेल शेवटी मागे राहत असेल, तर हमीची मुदत संपण्याआधीच विक्रेत्याकडे जावे.