हातचा न घेता केलेली बेरीज आणि सायमनची पेटी

क्वांटम संगणकाविषयीच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटते: तो सगळ्या शक्यता एकदम तपासतो. वाक्य निम्मे खरे आहे, आणि सगळी गोम उरलेल्या निम्म्यात आहे. ती पाहायची असेल तर डॅनियल सायमन यांनी १९९४ मध्ये मांडलेले एक कोडे सोडवून बघावे. व्यवहारात त्याचा उपयोग जवळपास शून्य, पण क्वांटम संगणक नेमका कुठे जिंकतो हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

कोड्यात एकच गणिती क्रिया लागते, ती म्हणजे एक्सॉर. शून्य-एकच्या दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या. एखाद्या स्थानी दोन्ही अंक सारखे असतील तर खाली ०, वेगळे असतील तर १. जिन्यातल्या दिव्याला वर एक आणि खाली एक बटण असते, त्यातलाच हा प्रकार: एक बटण दाबले की दिवा बदलतो, दोन्ही दाबली की पहिल्यासारखाच राहतो. थोडक्यात, ही हातचा न घेता केलेली बेरीज आहे. तीच ओळ दोनदा मिळवली तर आपण मूळ ओळीवर परत येतो.

आता एक बंद पेटी घ्या. तिला तीन बिटांची ओळ दिली की ती एक अक्षर देते. ००० आणि ११० दिले तर ‘क’ येते, ००१ आणि १११ दिले तर ‘ख’, ०१० आणि १०० दिले तर ‘ग’, ०११ आणि १०१ दिले तर ‘घ’. प्रत्येक अक्षर बरोबर दोनदा येते, आणि कोणत्याही जोडीतल्या दोन ओळींचा एक्सॉर ११० हाच असतो. हा पेटीचा छुपा आवर्त. आतली रचना आपल्याला दिसत नाही, फक्त प्रश्न विचारता येतात. कमीत कमी प्रश्नांत आवर्त शोधायचा.

साध्या संगणकाला वाट एकच: एकच अक्षर देणाऱ्या दोन ओळी गाठायच्या. त्या सापडल्या की एक्सॉर काढला आणि काम झाले. पण जोडी सापडेपर्यंत हाती फारसे काही लागत नाही. दोन ओळींची अक्षरे वेगळी आली, तर त्यांचा एक्सॉर हा आवर्त नव्हे, एवढेच कळते. म्हणजे एका जोडीमागे एकच उमेदवार बाद. तीन बिटांना पाच प्रश्नांत जोडी सापडणारच, कारण अक्षरेच चार आहेत. दोनशे बिटांना मात्र उमेदवार २ च्या २०० व्या घाताइतके होतात, आणि तितक्या जोड्या जमायला साधारण २ च्या १०० व्या घाताइतके प्रश्न लागतात. सेकंदाला शंभर कोटी प्रश्न विचारले तरी सुमारे चाळीस लाख कोटी वर्षे. नशिबावर हवाला ठेवून कुठूनही ओळी निवडल्या तरी यातून सुटका नाही, हे सायमन यांनी सिद्ध केले.

क्वांटम संगणक सगळ्या आठ ओळींची संमिश्र अवस्था तयार करतो आणि पेटीला एकच प्रश्न विचारतो. आता उत्तराच्या बाजूला पाहिले आणि समजा ‘ग’ दिसला. मग ओळींच्या बाजूला ०१० आणि १०० या दोघीच समसमान उरतात. हवी असलेली जोडी चक्क समोर! पण पाहायला जावे तर दोघींपैकी एकच दिसते आणि दुसरी कायमची जाते. पुन्हा प्रयोग केला तर ‘ग’ येईलच असे नाही. दोनशे बिटांच्या पेटीत तेच अक्षर पुन्हा येण्याची शक्यता २ च्या १९९ व्या घातात एक. म्हणजे सगळे ‘एकदम तपासून’ झाले आणि हाती एक यादृच्छिक ओळ आली, जी साध्या संगणकालाही फुकट मिळाली असती.

सायमन यांची युक्ती इथून सुरू होते. मोजमाप करण्याआधी प्रत्येक क्यूबिटवर हॅडामार्ड नावाची क्रिया करायची. तिच्यामुळे दोन्ही ओळी आठही निकालांवर पसरतात, पण अधिक किंवा उणे चिन्ह घेऊन. नियम साधा आहे. ओळ आणि निकाल या दोघांतही १ आहे अशी स्थाने मोजायची; संख्या सम असेल तर अधिक, विषम असेल तर उणे. निकाल १०० घ्या. ०१० शी त्याचे सामाईक स्थान एकही नाही, म्हणून अधिक. १०० शी एक, म्हणून उणे. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि हा निकाल कधीच दिसत नाही. निकाल १११ घ्या: दोन्हींशी एकेक सामाईक स्थान, दोन्ही उणे, म्हणून तो टिकतो. सगळे तपासले की ०००, ००१, ११० आणि १११ एवढेच उरतात, प्रत्येकाची शक्यता पाव.

खरी गंमत अशी की ‘ग’ऐवजी ‘क’ दिसला असता तरी हेच चार उरले असते. कोणती जोडी हाती आली होती ही माहिती पुसली गेली आणि सर्व जोड्यांना समान असलेला आवर्त तेवढा मागे राहिला. दिसणाऱ्या प्रत्येक निकालाचे छुप्या आवर्ताशी सामाईक स्थान सम असते, म्हणजे प्रत्येक प्रयोग एक समीकरण देतो. ००१ आले, तर आवर्ताचा तिसरा अंक ०. १११ आले, तर त्यातल्या एकांची संख्या सम. दोन्ही मिळून ०००, नाहीतर ११०. पहिले चालत नाही, म्हणून ११०.

००० आले तर तो प्रयोग वाया, आधीचेच आले तरी वाया. तरीही दोनशे बिटांना १९९ स्वतंत्र समीकरणे पुरतात आणि दहा प्रयोग जास्तीचे केले तर ती न जमण्याची शक्यता हजारात एकाहून कमी राहते. पुढची सोडवणूक साधा संगणकच करतो. पेटीचे दोन बिट वाढवले की जुन्या पद्धतीचे प्रश्न दुप्पट होतात, सायमनच्या पद्धतीत दोनच वाढतात. हीच ती घातांकी दरी. डॉइच आणि जोझा यांच्या १९९२ च्या कोड्यातही दरी होती, पण थोडी चूक चालवून घेतली की साधा संगणक मोजक्या प्रश्नांत ती बुजवत असे. इथे ती सोय नाही. पीटर शोर यांनी एक्सॉरच्या जागी नेहमीच्या बेरजेतला आवर्त घेतला आणि त्यातून मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत निघाली.

मात्र ही सिद्धता प्रश्नांच्या संख्येविषयी आहे आणि पेटी बंद असेल तेव्हाचीच आहे. आतले सर्किट वाचायला मिळाले तर साध्या संगणकाला आवर्त लवकर सापडणार नाही, असे ती म्हणत नाही. शिवाय पेटीने संमिश्र प्रश्न स्वीकारायला हवेत. जपानच्या कुवाकादो आणि मोरी यांनी २०१२ मध्ये दाखवले की इव्हन-मन्सूर या सांकेतिक पद्धतीची चावी असाच एक छुपा आवर्त असते. पण त्यासाठी गुप्त चावी असलेले यंत्र संमिश्र प्रश्नांना उत्तर देणारे असावे लागते, आणि आज वापरातले कोणतेही यंत्र तसे नाही.

प्रत्यक्षात मोठी अडचण गोंगाटाची. एक क्यूबिट घसरला की समीकरण खोटे निघते, आणि एक खोटे समीकरण सगळी सोडवणूक बिघडवते. तीन बिटांना तीन स्वतंत्र समीकरणे जमली तर ओळखावे की काहीतरी चुकले, कारण मग ००० शिवाय उत्तरच उरत नाही. २०२५ मध्ये डॅनियल लायडर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या १२७ क्यूबिटांच्या यंत्रांवर हे कोडे सोडवून वेगातला फायदा दाखवला, पण आवर्तात एकांची संख्या थोडीच असेल अशी अट घालून. एक जितके जास्त तितके पेटीचे सर्किट लांबते, आणि सर्किट लांबले की गोंगाट जिंकतो.