पडद्यावरच्या अक्षरांची मोजदाद

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाईतदाराला आज बहार धरण्याचा, खताचा अथवा फवारणीचा सल्ला ज्या मार्गाने पोहोचतो, त्यात मोबाइलवरच्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीचा वाटा मोठा आहे. आणि त्या चित्रफितीच्या तळाशी बोलणाऱ्याचे शब्द बहुधा छापलेले असतात. मोटारीच्या घरघरीत, एस. टी.च्या गर्दीत किंवा घरात सर्व मंडळी निजल्यावर आवाज बंद करून पाहणाऱ्यास त्या अक्षरांवाचून दुसरा आधार नसतो. ही अक्षरे दोन जातींची. पहिली चित्रापासून अलग असतात, पाहणाराने वाटेल तेव्हा ती लावावी, काढावी, मोठी करावी. दुसरी चित्रातच कायमची मुरवलेली असतात; ती बनविणाराने ठरविलेला आकार, रंग आणि वेळ यांत पाहणाराला बदल करण्याची मुभाच नसते. म्हणून या दुसऱ्या जातीची वाचनीयता अगोदरच मोजून घेणे भाग पडते, आणि ती मोजता येते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्राखाली त्याच भाषेतील अक्षरे देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली ही कल्पना सुचली, आणि १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या गुजराती चित्रगीतांच्या कार्यक्रमात गाण्याचे शब्द गाण्याबरोबरच पडद्यावर उमटू लागले. पुढे मराठीतही झी टॉकीजवरील चित्रपटांना तशी अक्षरे देण्याचा प्रयोग झाला. अर्धवट वाचता येणाऱ्या माणसाची दृष्टीही त्या ओळीकडे आपोआप वळते, हा त्या प्रयोगाचा आधार होता. परंतु तो दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी केलेला. तळहाताएवढ्या काचेवर तीच ओळ वाचायची म्हटल्यावर हिशेब नव्याने मांडावा लागतो.

प्रथम आकार. अक्षराचा आकार ‘इतक्या पॉइंटांचा’ असे सांगितल्याने काहीच कळत नाही; डोळ्याशी ते अक्षर केवढा कोन करते, हे खरे माप. इंग्रजीच्या वाचनावर मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले, की अक्षराचे अंग अंशाच्या सुमारे पाचव्या हिश्शापेक्षा, म्हणजे ०.२ अंशापेक्षा मोठे असेपर्यंत निकोप दृष्टीच्या माणसाच्या वाचनाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो, आणि त्याखाली गेले की तो झपाट्याने घसरतो. देवनागरीत अक्षराचे अंग म्हणजे शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंतची उंची, वरच्या-खालच्या मात्रा वगळून. आपली लिपी अधिक गजबजलेली, म्हणून ०.२ अंश हा आपल्यासाठी किमान उंबरठा मानावा, आदर्श मानू नये.

आता एक प्रत्यक्ष दाखला घेऊ. साडेसहा इंचांचा, २० × ९ या प्रमाणाचा फोन घेतला, तर त्याच्या काचेची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर भरते. त्यावर १९२० × १०८० बिंदूंची आडवी चित्रफीत फोन उभाच धरून पाहिली, आणि आपल्याकडे बहुतेक जण तशीच पाहतात, तर त्या ६८ मिलिमीटरांत १९२० बिंदू कोंबले जातात. म्हणजे मिलिमीटरला सुमारे २८. संगणकासमोर बसून चित्रफीत सजविणाऱ्या मुलाने अक्षराचे अंग ३० बिंदूंचे ठेवले, तर त्याच्या मोठ्या पडद्यावर ते ठसठशीत दिसते, पण शेतकऱ्याच्या हातात ते एक मिलिमीटरहून किंचितच अधिक उरते. फोन ३५ सेंटीमीटरांवर धरला, तर हा कोन ०.१७ अंश होतो, उंबरठ्याच्या खाली. फोन आडवा केला की तेच अंग १.९ मिलिमीटर, म्हणजे ०.३१ अंश होते आणि वाचन सुखाचे होते. चित्रफीत तीच, अक्षरे तीच. केवळ फोन धरण्याच्या रीतीने निकाल बदलतो. म्हणून मोजमाप नेहमी उभ्या फोनावर करावे.

चाळिशी ओलांडलेला आणि चष्मा घरी विसरलेला मनुष्य फोन हातभर लांब धरतो. अंतर ५० सेंटीमीटर झाले, की उंबरठा गाठण्यालाच पावणेदोन मिलिमीटरांचे अंग लागते, म्हणजे आपल्या दाखल्यातील चित्रात सुमारे ५० बिंदूंचे. सजविणारे तरुण या आकड्याला ‘चित्र झाकले जाते’ म्हणून नाके मुरडतात. झाकले जाऊ द्यावे. खोडाला बोर्डो पेस्ट लावणारा हात दिसण्यास चित्राचा वरचा तीन-चतुर्थांश भाग पुरेसा असतो.

दुसरी गोष्ट रंगांतील तफावतीची. तिच्यासाठी एक सर्वमान्य सूत्र आहे. रंगाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशांपासून त्याची सापेक्ष दीप्ती काढतात, शुद्ध काळ्याची ० आणि शुद्ध पांढऱ्याची १; मग अधिक दीप्त रंगाला L1 आणि कमी दीप्त रंगाला L2 म्हणून

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

हे गुणोत्तर मांडतात. काळ्यावर पांढरे म्हटले की ते २१ येते. संकेतस्थळांच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी निदान ४.५ मागितलेले आहे. चित्रफीत थांबवावी, पडद्याचे छायाचित्र घ्यावे, अक्षराचा आणि त्यालगतच्या पार्श्वभूमीचा रंग टिपावा, एवढेच काम. मात्र ते सर्वांत वाईट क्षणी करावे. बोलणाऱ्याच्या मागे हिरवी बाग असताना पांढरी अक्षरे छान उठून दिसतात, पण कॅमेरा शेजारच्या फुटलेल्या कापसाकडे वळला की तीच अक्षरे कापसात विरून जातात.

यावर दोन तोडगे प्रचलित आहेत: अक्षरांना काळी कड, किंवा अक्षरांमागे काळी पट्टी. कड रोमन लिपीला साजते. देवनागरीत ती जाड केली की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे करणाऱ्या बारीक फटी बुजतात, आणि ‘ष’च्या पोटातील रेघ गडप होऊन ‘प’ उरतो. पट्टी चांगली. पण ती अर्धपारदर्शक ठेवण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्याचा हिशेब पाहावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर साठ टक्के काळी पट्टी ठेवली, तर तिच्यावरील पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर ५.७ येते. कागदावर ते उत्तीर्ण झाले. आता हाच फोन बागेत, झाडाच्या विरळ सावलीत न्यावा. तेथे १०,००० लक्स उजेड आहे, काच त्यातील पाच टक्के परत फेकते, आणि फोनचा पांढरा रंग ५०० निटांचा आहे, असे मानू. परावर्तित उजेड सुमारे १६० निट भरतो, आणि तो काळ्या-पांढऱ्यात भेद न करता दोन्हींत सारखाच मिसळतो. मग ५.७चे गुणोत्तर घसरून तीनच्याही आत येते. पट्टी पूर्ण काळी असती, तर तेथेही चार राहिले असते. सबब पट्टी अपारदर्शक असावी. रंगीत अक्षरांचा सोसही टाळावा, कारण चित्रफीत दाबून लहान करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत दीप्तीचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मा करतात, आणि निळ्यावरची तांबडी अक्षरे कडांशी फिसकटतात.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि येथे मराठीची गत इतरांहून वेगळी आहे. ओळ पडद्यावर किती वेळ राहावी, हे ठरविताना बी. बी. सी.सारख्या संस्था मिनिटाला १६० ते १८० शब्द असा हिशेब धरतात. उपशीर्षकांचे संगणक-कार्यक्रम मात्र सेकंदाला किती ‘कॅरेक्टर’ एवढेच दाखवितात. आपली ओळ घेऊ: ‘मोसंबीच्या बागेत ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे.’ ज्याला शेतकरी आंबवणीचे पाणी म्हणतात, त्याविषयीचीच ही सूचना. हिच्यात आठ शब्द आहेत आणि उच्चाराने मोजली तर तेवीस अक्षरे. पण संगणक प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त निराळा मोजतो. त्याच्या खाती, शेवटचा पूर्णविराम सोडून, याच ओळीत मोकळ्या जागांसह ५१ चिन्हे जमा होतात. ‘च्या’ हे एक अक्षर त्याला चार वाटते. म्हणून इंग्रजीसाठी ठरविलेली मर्यादा जशीच्या तशी लावली, तर साधी ओळही ‘फार जलद’ ठरते. आणि तो इशारा एकदा खोटा ठरला, की सजविणारा सर्वच इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागतो, हे त्याहून वाईट. मराठीसाठी शब्द आणि उच्चारित अक्षरे मोजावीत. ही ओळ तीन सेकंद ठेवली, तर मिनिटाला १६० शब्द आणि सेकंदाला पावणेआठ अक्षरे असा वेग पडतो. दोनच सेकंद ठेवली, तर २४० शब्दांचा, आणि तो वाचनाचा रोजचा सराव नसलेल्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा. ओळ दोन भागांत तोडायची झाल्यास ‘तोडताना’ या शब्दानंतर तोडावी. ‘पहिले’ वर आणि ‘पाणी’ खाली अशी फाळणी केली, तर डोळ्याला परत फिरावे लागते आणि हिशेबातला वेळ तेथे खर्ची पडतो.

हे तिन्ही आकडे हाती आले, तरी शेवटचा निवाडा वाचणाराच करतो. त्याची चाचणी सोपी आहे, पण ती बिनचूक घ्यावी. आवाज पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर माणूस ऐकलेलेच वाचल्याचा भास निर्माण करतो, आणि तोही जाणूनबुजून नव्हे. फोन त्याचाच असावा, त्याच्या नेहमीच्या अंतरावर. सारख्या लांबीची, पण दरवेळी निराळी वाक्ये द्यावीत, कारण तेच वाक्य पुन्हा दिल्यास स्मरणशक्तीची परीक्षा होते. आकार प्रत्येक पायरीस मागल्याच्या चार-पंचमांश करीत जावा, मोठ्याने वाचायला सांगावे, आणि कोणते अक्षर चुकले ते तक्त्यात जसेच्या तसे लिहावे. वेग जेथे प्रथम अडखळतो, ती पायरी त्या वाचणाऱ्याची मर्यादा. अक्षरे त्या मर्यादेइतकी लहान ठेवू नयेत, तिच्या निदान एक-दोन पायऱ्या वर ठेवावीत. चष्मा लावणारे, न लावणारे आणि शाळा लवकर सुटलेले, यांची नोंद अलग ठेवावी. सरासरीत ज्यांना गरज आहे तेच नेमके नाहीसे होतात.

एक चाचणी मात्र घरबसल्या प्रत्येकाने करावी: चित्रफीत एका फोनावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर धाडून पाहावी. गावच्या गटांत फिरता फिरता ती दबत जाते. १०८० ओळींची ४८० झाली, की ३० बिंदूंचे अंग १३ बिंदूंवर येते, चार बिंदूंची शिरोरेषा दोनाच्याही आत, आणि दशांशचिन्हाचा ठिपका तर पार्श्वभूमीत मिसळूनच जातो. ‘१’ आणि ‘९’ यांची अदलाबदल होते ती याच अवस्थेत. औषधाच्या प्रमाणात ‘१.५ मिली’चे ‘१५ मिली’ वाचले गेले, तर फवारा दसपट तीव्र होतो आणि पालवी करपते. म्हणून अशा ठिकाणी आकडा न छापता ‘दीड मिली’ असेच लिहावे, आणि ती ओळ इतरांहून दोन सेकंद जास्त ठेवावी.