उभे राहून काढलेला गुडघ्याचा एक्स-रे

पवईत आयआयटीच्या मेन गेटजवळ राहणाऱ्या बावन्न वर्षांच्या एक गृहिणी गेल्या महिन्यात दोन एक्स-रे घेऊन आल्या. दोन्ही उजव्या गुडघ्याचे, फरक अवघ्या पंधरा दिवसांचा. पहिल्याच्या अहवालात लिहिले होते, ‘कडांना किंचित हाड वाढलेले, सांध्यातील अंतर ठीक.’ दुसऱ्याच्या अहवालात होते, ‘आतल्या बाजूचे अंतर कमी, हाडांना काटे, ग्रेड ३.’ बसतानाच त्यांनी विचारले, “डॉक्टर, पंधरा दिवसांत एवढा झिजला का हो गुडघा? आता ऑपरेशनच का?”

गुडघा पंधरा दिवसांत झिजला नव्हता. पहिला फोटो टेबलावर झोपवून काढला होता, दुसरा उभे करून. फरक होता तो एवढाच.

मी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि वरचे मांडीचे हाड आणि खालचे नडगीचे हाड यांच्यामधली काळी फट त्यांना दाखवली. “हाच ना तो गॅप? वंगण संपलं की होतो तो?” त्यांनी विचारले. ही समजूत घरोघरी आहे. पण ती फट म्हणजे रिकामी जागा नव्हे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. या दोन्हींमध्ये चुना नसल्यामुळे एक्स-रे त्यांच्या आरपार जातो आणि फोटोत तिथे काळे दिसते. म्हणजे कूर्चा आपल्याला दिसतच नाही. दोन हाडे एकमेकांपासून किती दूर आहेत त्यावरून ती किती उरली असेल याचा आपण फक्त अंदाज बांधतो.

म्हणून तर उभे राहणे महत्त्वाचे. एक पाय झिजलेला पाट हातात उचलून धरला तर त्याची खोड कळत नाही, त्यावर बसले की तो डुगडुगतो. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो. कूर्चा पातळ झाली असली तरी हाडे जरा सैल, लांब राहतात आणि फट रुंद दिसते. उभे राहिल्यावर शरीराचे वजन ती हाडे एकमेकांवर टेकवते आणि मध्ये खरोखर किती उरले आहे ते उघड होते. या ताईंच्या झोपलेल्या फोटोत आतल्या बाजूची फट साधारण ४ मिलिमीटर होती, उभ्या फोटोत २. बाहेरच्या बाजूला मात्र दोन्हींत ५. निरोगी गुडघ्यात ती ४-५ मिलिमीटरच्या आसपास असते. स्वीडनमधील आल्बेक यांनी १९६८ मध्ये उभ्या फोटोंचे हे महत्त्व मांडले. तरी आजही चिठ्ठीवर नुसते ‘गुडघ्याचा एक्स-रे’ लिहिले, तर झोपवूनच फोटो निघण्याची शक्यता असते. चिठ्ठीवर ‘दोन्ही गुडघे, उभे राहून’ असे लिहून घ्यावे. अर्थात उभा फोटोही फसवू शकतो. गुडघा थोडा वाकलेला राहिला किंवा किरण तिरके पडले तरी फट बदलते. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या दोन फोटोंतला एखाद्या मिलिमीटरचा फरक ‘झीज वाढली’ म्हणून धरू नये.

मग आला काट्यांचा प्रश्न. ताईंना कोणीतरी सांगितले होते की हे जास्तीचे कॅल्शियम साठून झाले आहे, म्हणून त्यांनी दूध बंद केले होते. दूध पुन्हा सुरू करायला सांगितले. हे काटे आहारातल्या कॅल्शियममुळे येत नाहीत. कूर्चा झिजून सांध्यावरचा भार बिघडला की कडेचे हाड हळूहळू बाहेर वाढते. सांधा रुंद करून भार वाटून घेण्याचा हा शरीराचा प्रयत्न आहे, असे मानले जाते. फोटोत त्याची सावली टोकदार दिसते, प्रत्यक्षात ती बोथट कड असते. ती आत टोचत नाही.

“मग काटे खरवडून टाकता येत नाहीत?” त्यांचा पुढचा प्रश्न. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर याच्या जवळपासचाच प्रयोग झाला होता. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा धुऊन खरवडून साफ केला आणि काहींच्या गुडघ्यावर फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनंतरही दुखणे तिन्ही गटांत सारखेच होते.

यानंतर मी ताईंच्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवले. उभ्या फोटोत दोन्ही पाय आले होते. डाव्या बाजूलाही फट तितकीच अरुंद, काटे जवळपास तेवढेच. “पण डावा तर दुखतच नाही,” त्या म्हणाल्या. हीच तर यातली खरी गोम. कूर्चेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे कूर्चेचे झिजणे स्वतः दुखत नाही. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर, ताणलेले स्नायू. यातले सूज, स्नायू वगैरे एक्स-रेवर नीट दिसत नाहीत. फोटो वाईट आणि माणूस टुणटुणीत, किंवा फोटो बरा आणि माणूस बेजार, असे दोन्ही आम्ही रोज पाहतो. ‘ग्रेड ३’ ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली, ० ते ४ अशी सावल्यांची वर्गवारी आहे. ती दुखण्याची मोजणी नव्हे आणि ऑपरेशनची तारीख तर नव्हेच.

म्हणून फोटो बाजूला ठेवून त्यांना विचारत गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखते. खाली बसून भाजी निवडली की उठवत नाही. सकाळचा आखडलेपणा दहा मिनिटांत जातो. पवई तलावाच्या काठाने अर्धा तास चालता येते, रात्री झोप लागते. तपासताना उजवी मांडी डावीपेक्षा बारीक निघाली. दुखते म्हणून पाय कमी वापरला, म्हणून स्नायू सुकला, म्हणून आणखी दुखते, असे ते चक्र होते.

ऑपरेशनची गरज नव्हती. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी घट्ट करून पाच सेकंद धरायचा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखेल तेव्हा वेदनाशामक मलम. भाजी टेबलावर निवडायची. वजन ७४ किलो होते. वजन १ किलो कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. त्यांना ५ किलोचे उद्दिष्ट दिले, म्हणजे पावलागणिक २० किलो. जिना उतरताना काठी हवी असेल तर ती डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. बहुतेक जण नेमकी उलटी धरतात.

लवकर परत यायच्या खुणाही सांगितल्या. गुडघा गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर जाऊ लागला किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर ही नुसती झीज नसू शकते.

जाताना त्यांनी विचारले, “सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू?” मी म्हटले, “नको. त्यापेक्षा आज तीन मजले उतरताना किती वेळा थांबावं लागतं ते लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी तोच आकडा घेऊन या.” त्यांनी पहिल्या एक्स-रेच्या पाकिटावरच लिहिले: ४ वेळा.