चिकाची पावडर कोणासाठी?

गाय व्याल्यावर निघणारा चीक म्हटलं की आपल्याला खरवस आठवतो. आता त्याच चिकाची पावडर प्रतिकारशक्तीसाठी आणि पोटासाठी म्हणून विकली जाते. दुधात आणि चिकात असणारं लॅक्टोफेरिन हे प्रथिनही वेगळं काढून विकतात.

वासराला मात्र चीक मिळालाच पाहिजे. गाईच्या अँटीबॉडी वारेतून पोटातल्या वासरापर्यंत पोचत नाहीत. जन्मानंतर साधारण एक दिवस त्याच्या आतड्यातून ही मोठी प्रथिनं अख्खी रक्तात शिरतात आणि मग ती वाट बंद होते. मोठ्या माणसात ती उघडी नसतेच. गाईच्या बहुतेक अँटीबॉडी आपण पचवून टाकतो, उरलेल्या आतड्यातच काम करतात. (खरवस वाफवताना तर याच प्रथिनांची वडी होते, त्यामुळे त्यातून अँटीबॉडी मिळण्याची आशाच नको.)

आतड्यातलं काम खरं आहे, पण ते ठरावीक जंतूपुरतं. 1988 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जुलाब करणाऱ्या ई. कोलायची लस गाईंना टोचून त्यांच्या अँटीबॉडी काढल्या. त्या घेतलेल्या दहा जणांना तो जंतू पाजूनही जुलाब झाले नाहीत. न घेतलेल्या दहापैकी नऊ जणांना झाले. अशी लस न टोचलेल्या गाईच्या पावडरीला हा निकाल लागू करता येत नाही. खेळाडूंमधल्या सर्दी-खोकल्यावर काही छोटे अभ्यास अनुकूल आहेत. पण त्यांत माणसं इतकी थोडी आहेत की त्यावर मी विसंबणार नाही.

मोठ्या चाचणीत चित्र कसं पालटतं, ते लॅक्टोफेरिनमध्ये दिसतं. 2009 साली इटलीत अगदी कमी वजनाच्या 472 नवजात बाळांवर चाचणी झाली. नुसतं लॅक्टोफेरिन मिळालेल्यांपैकी सुमारे 6 टक्के बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला, न मिळालेल्यांपैकी 17 टक्क्यांना. आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या 2,203 बाळांवर चाचणी झाली. 2019 साली निकाल आला: संसर्ग 29 टक्के विरुद्ध 31 टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही.

दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी दोन्ही पावडरी टाळाव्यात. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. दुधातली साखर न पचणं वेगळं, त्यात लॅक्टोज किती आहे हे पाहावं. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये. गरोदर बाईनं आणि केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंसाठी चीक बंदीच्या यादीत नाही, पण त्यात वाढीला चालना देणारे आयजीएफ-1 सारखे घटक असल्यानं जागतिक उत्तेजकविरोधी संस्था तो न घेण्याचा सल्ला देते.